खाचरातील वायूचा जमाखर्च

वलवण म्हटले की बाहेरच्या माणसाला धरण आठवते. टाटांनी घाटमाथ्यावर पाणी अडवले, ते बोगद्यातून आणि नळांतून कोकणात उतरवले आणि १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांना त्यावर वीज मिळाली. पण वलवण आणि आजूबाजूच्या मावळातल्या भाताच्या खाचरांना त्या धरणाचा काही उपयोग नाही. खाचराचे पाणी आभाळातूनच येते आणि ते येते तेव्हा मोजून येत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हे सारे आधी सांगायचे कारण असे की, या लेखात पाणी सोडण्याचा आणि धरण्याचा विचार करायचा आहे, आणि तो करताना नळाची तोटी कोणाच्या हातात आहे हे विसरून चालणार नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, भातशेती पृथ्वीचा ताप वाढवते असे वाक्य आपण आता वारंवार ऐकतो. वाक्य खोटे नाही. माणसाच्या एकंदर व्यवहारातून जो मिथेन वायू हवेत जातो, त्यात पाण्याखालच्या भातशेताचा वाटा ढोबळमानाने आठ ते दहा टक्के धरला जातो. पण ‘भातशेती’ या एका शब्दाखाली पंजाबातील मोटारपंपाचे शेत, बंगालमधील दलदल आणि मावळातील अर्ध्या एकराचे खाचर अशी सारी एकत्र बांधली जातात. जमाखर्चाच्या वहीत तीन वेगळी खाती एकाच नावाने लिहिली तर हिशेब तपासणारा ती वही परत फेकतो. म्हणून आज आपण आपले खाते वेगळे काढून पाहू.

आधी वायू होतो कसा ते समजून घेऊ. चिखलणी झाली, लावणी झाली, खाचरात चार बोटे पाणी उभे राहिले. मातीतल्या जिवाणूंना जगण्यासाठी प्राणवायू लागतो. पाण्याखाली तो एक-दोन दिवसांतच संपतो. पण जिवाणू मरत नाहीत. काही जातींचे जिवाणू प्राणवायूऐवजी दुसऱ्या पदार्थांवर भागवतात. पहिल्यांदा ते मातीतला नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, मग गंधकाची संयुगे. आपल्या मातीत लोह भरपूर आहे, त्यामुळे लोहाची ही पायरी बरीच चालते. ही सारी शिदोरी संपली की शेवटी मिथेन करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. कुजणारी मुळे, धसकटे, शेण, पाला यांतून निघालेले साधे आम्ल आणि हायड्रोजन यांवर ते जगतात आणि मिथेन सोडतात. पाणी भरल्यापासून तिथपर्यंत पोहोचायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात.

बेणणीला उतरलेल्या बायकांना हा वायू माहीत आहे, फक्त त्याचे नाव माहीत नाही. चिखलात पाय घातला की बुडबुडे वर येतात, त्यांत तो असतो. १७७६ साली इटलीतल्या व्होल्टाने तळ्याचा गाळ काठीने ढवळून असेच बुडबुडे गोळा केले आणि ते पेटवून दाखवले. येथे एक गोष्ट सांगून ठेवू. चिखलाला येणारा कुजक्या अंड्यासारखा वास मिथेनचा नव्हे. मिथेनला वासच नसतो. तो वास गंधकाच्या वायूचा. पण तो आला म्हणजे माती मिथेनच्या उंबरठ्यावर आली असे धरून चालावे. दुसरी खूण मुळांची. रोप उपटून मुळे धुवावीत. तांबूस-पिवळसर गंजाचा लेप असलेली मुळे श्वास घेत असतात. काळी पडलेली आणि वास मारणारी मुळे गुदमरलेली असतात.

बुडबुडे डोळ्यांना दिसतात म्हणून वाटते की सारा वायू त्यांतूनच जातो. तसे नाही. भाताच्या दांड्यात पोकळ नळ्या असतात. पानातून आलेली हवा त्यांतून मुळापर्यंत उतरते, म्हणून तर भात पाण्यात उभा राहू शकतो. त्याच नळ्यांतून उलट्या वाटेने मातीतला मिथेन वर येतो आणि हवेत जातो. पिकाच्या भरात एकूण वायूपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत वायू या वाटेने जाऊ शकतो. म्हणजे रोप हीच धुराडी झाली. मुळाभोवती आणि मातीच्या वरच्या पातळ थरात थोडा प्राणवायू असतो, तिथे मिथेन खाणारे दुसरे जिवाणू राहतात. तयार झालेल्या मिथेनचा मोठा भाग ते वाटेतच संपवतात. हवेत जातो तो त्यांच्या हातून सुटलेला.

आता मावळाच्या खात्याकडे येऊ. आमच्याकडे वर्षातून एकच भात. दिवाळीच्या आसपास कापणी झाली की खाचर मोकळे पडते, उन्हात तापते, गुरे त्यात चरतात, आणि पुन्हा पाणी दिसते ते जूनमध्ये. म्हणजे सहा-सात महिने माती हवा खात पडलेली असते. त्या काळात लोह पुन्हा गंजते आणि शिदोरी पुन्हा भरते. पेंढा कोणी शेतात गाडत नाही, तो गुरांच्या वैरणीला आणि झोपडीच्या छपराला लागतो. उरलेली धसकटे कोरड्या मातीत हवेशीर कुजतात, त्यातून मिथेन होत नाही. याउलट जिथे वर्षात दोन-तीन भात घेतले जातात आणि कापणीनंतर लगेच ओला पेंढा गाडून पाणी भरले जाते, तिथे सूक्ष्मजीवांना पंगतच मिळते. दोन्ही भातच, पण दोन्हींचा वायू सारखा नाही.

हा फरक कोणी मोजला नाही तर काय होते, याचे उदाहरण आपल्या देशाने भोगले आहे. १९९०च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबात भारताच्या भातशेतांच्या नावे वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन लिहिला होता. हा आकडा भारतात मोजलेला नव्हता. परदेशातल्या शेतांवरचे मोजमाप आपल्या एकरांना लावले होते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली शास्त्रज्ञांनी देशभरातील शेतांत पेट्या ठेवून वायू मोजला. आकडा निघाला सुमारे ४० लाख टन. नऊ-दहा पट फरक! त्याच वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एक पुस्तिका काढून विचारले, की पोटासाठी भात लावणाऱ्याचा वायू आणि चैनीसाठी मोटार फिरवणाऱ्याचा वायू एकाच रकान्यात कसा मांडता? आमच्या मते तो प्रश्न अजून जुना झालेला नाही. पण ४० लाख टन म्हणजे शून्य नव्हे, हेही तितकेच खरे. दुसऱ्याने खोटे बिल पाठवले म्हणून आपले खरे देणे माफ होत नाही.

मग कमी करायचे कसे? उपाय सोपा आहे: मधूनच पाणी सोडून मातीला हवा खाऊ द्यायची. हवा आत शिरली की मिथेन करणारे सूक्ष्मजीव थंडावतात. आणि लाभ तेवढ्यावर थांबत नाही. त्या काही दिवसांत लोह पुन्हा गंजते, नायट्रेट पुन्हा तयार होते. पुढे पाणी भरले तरी जिवाणूंना पहिल्यापासून पायऱ्या उतराव्या लागतात, आणि मिथेन पुन्हा सुरू व्हायला दिवस जातात. म्हणून पाच-सहा दिवस सोडलेल्या पाण्याचा परिणाम त्याहून जास्त दिवस टिकतो.

फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने यासाठी एक साधे साधन सांगितले आहे. हातभर लांबीची नळी घ्यायची, तिच्या खालच्या भागाला भोके पाडायची, आणि वीतभर वर राहील अशी ती खाचरात रोवायची. आतला चिखल काढून टाकला की नळीत दिसते ती जमिनीखालच्या पाण्याची पातळी. प्लास्टिकची नळी नसेल तर गाठी फोडलेला बांबू चालतो. वर पाणी दिसेनासे झाले तरी रोप लगेच तहानत नाही. नळीतले पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे वीतभराहून थोडे कमी, उतरेपर्यंत उत्पन्नाला धोका नाही. तिथे पोहोचले की पुन्हा चार-पाच सेंटिमीटर पाणी भरायचे.

येथेच मावळाची अडचण सुरू होते. ‘पुन्हा पाणी भरायचे’ हे ज्याच्याकडे कालवा किंवा पंप आहे त्याला सांगणे ठीक. आमच्या शेतकऱ्याने सोडलेले पाणी परत आणायचे कोठून? पावसाने पाठ फिरवली तर त्याचे वर्ष गेले. म्हणून तो बांध फोडायला तयार होत नाही, आणि त्याची भीती अडाणीपणाची नाही. जुलैमध्ये उलट अडचण असते. बांध फोडला तरी पाऊस थांबत नाही. वरचे पाणी वाहून गेले तरी माती चिंबच राहते आणि हवा आत शिरत नाही. पाणी दिसत नाही म्हणजे माती सुकली असे समजणाऱ्याने नळीत डोकावून पाहावे. शिवाय आमची खाचरे उतरंडीसारखी एकाखाली एक. वरच्याने पाणी सोडले की ते खालच्याच्या खाचरात जाते. खालचा माणूस त्याच दिवशी खत टाकून बसला असेल तर पाण्याबरोबर ते खतही वाहून जाईल आणि संध्याकाळी बांधावर भांडण उभे राहील.

तेव्हा आपल्याकडे जमण्यासारखे आहे ते एकदाच पाणी सोडणे, आणि त्याची वेळ श्रावणातली. लावणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली असेल तर ऑगस्टच्या मध्याला फुटवे पुरते आलेले असतात आणि ऊन-पावसाचा खेळ सुरू झालेला असतो. उघडीप दिसली की पाणी सोडावे, पाच-सात दिवस राहू द्यावे. मातीवर केसासारख्या बारीक रेषा दिसू लागल्या, पाय टाकला तर ठसा उमटतो पण रुतत नाही, एवढे पुरे. बोट जाईल अशा भेगा पडू देऊ नयेत. त्या पडल्या तर पुढचे पाणी त्यांतून खाली निघून जाते. पीक पोटरीत आले की बांध बंद. इंद्रायणी हे आमच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढलेले वाण. १९८७ पासून मावळाच्या घराघरात ते शिजते आहे. सव्वाचार-साडेचार महिन्यांचे हे वाण सप्टेंबरच्या उत्तरार्धात निसवते. त्या वेळी पाण्याचा ताण बसला तर दाणे पोचट राहतात, आणि मग वायू वाचवून उपयोग काय?

आता एका एकराचा हिशेब मांडू. आम्ही कारकून माणसे, आकड्याशिवाय आमचा विश्वास बसत नाही. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २०१९च्या सुधारित मार्गदर्शिकेत दक्षिण आशियासाठी सतत पाणी उभे असलेल्या शेताचा दर रोज हेक्टरी ०.८५ किलो मिथेन असा दिला आहे. एकर म्हणजे ०.४ हेक्टर आणि पाण्यातले दिवस ११० धरले तर ३७.४ किलो होतात. आमचे खाचर लावणीआधी सहा महिन्यांहून अधिक कोरडे असते, त्यासाठी मार्गदर्शिका ०.८९ने गुणायला सांगते. राहिले ३३.३ किलो. मोसमात एकदा पाणी सोडले तर ०.७१ने गुणायचे, म्हणजे २३.६ किलो. बचत ९.७ किलो. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप देतो. म्हणजे जमेच्या बाजूला सुमारे २६० किलो.

खर्चाची बाजू मात्र बरेच जण मांडतच नाहीत. माती अर्धी ओली, अर्धी कोरडी झाली की युरियातील नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड या वायूच्या रूपाने उडतो. हा वायू किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट ताप देतो. मिथेन हवेत बारा वर्षांच्या आसपास टिकतो. हा शंभर वर्षांहून अधिक राहतो. एकराला ४० किलो नत्र दिले असे धरू. त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे पाणी सतत उभे असेल तर त्यातला हजारी ३ भाग आणि पाणी सोडल्यास हजारी ५ भाग असा उडतो. ताप मोजला तर पहिल्याचे ५१ किलो आणि दुसऱ्याचे ८६ किलो होतात. वाढ सुमारे ३५ किलो. २६० मधून ३५ गेले, शिल्लक सव्वादोनशे. सुमारे ८५ लिटर डिझेल जाळल्यावर जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो तेवढी ही शिल्लक.

पण हजारी ५ हा सरासरीचा दर झाला. दक्षिण भारतातील काही शेतांत केलेले एक संशोधन २०१८ साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आले. जिथे पाणी वारंवार आणि कडक सोडले जात होते, अशा शेतांत नायट्रस ऑक्साइड एका मोसमात हेक्टरी ३३ किलोपर्यंत मोजला गेला. हे आपल्या एकराला लावून पाहा: १३ किलोंच्या वर वायू आणि साडेतीन हजार किलोंहून जास्त ताप! २६०ची जमा त्यात कोठल्या कोठे बुडाली. इतर शास्त्रज्ञांनी त्यावर हरकत घेतली की अशी शेते नेहमीची नव्हेत, त्यांवरून सरसकट अनुमान काढू नये. हरकत रास्त आहे. तरी त्यातून निघणारी सूचना शेतकऱ्याच्या कामाची आहे: माती हलकी सुकवावी, भाजून काढू नये, आणि पाणी सोडण्याच्या तोंडावर युरिया फेकू नये.

युरियाची वेळ म्हणूनच पाण्याइतकी महत्त्वाची. वरून फेकलेला युरिया वरच्या, हवेशीर थरात राहतो, तिथे त्याचा नायट्रेट होतो आणि नंतर पाणी भरले की वायू होऊन उडतो. डॉ. सावंत यांच्या चारसूत्री लागवडीत यावर तोड आहे. युरिया-डीएपीची पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाची गोळी चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. तिथे प्राणवायू नसतो, म्हणून नत्र आहे त्या रूपात राहते आणि मुळांना हळूहळू मिळते. त्याच चारसूत्रीतले दुसरे सूत्र मात्र आमच्या आजच्या हिशेबात उलटे पडते. गिरिपुष्पाचा हिरवा पाला लावणीआधी चिखलात गाडायला सांगितले आहे. जमिनीला तो चांगला, खताचा खर्च वाचवतो. पण पाण्याखाली कुजणारा हिरवा पाला मिथेन वाढवतो. हेक्टरी तीन टन पाल्याला मार्गदर्शिकेचे सूत्र लावले तर मिथेन दीडपटीहून अधिक होतो. तोच पाला आधी खड्ड्यात कुजवून घातला तर वाढ बरीच कमी. शेतकऱ्याने पाला टाकूच नये असे आम्ही म्हणणार नाही. पाल्याऐवजी त्याने युरियाची आणखी एक गोणी आणली तर तिचाही वायू कुठेतरी जमा होणारच.

कोणी कंपनीचा माणूस येऊन सांगू लागला की पाणी सोडा, कार्बनचे पैसे मिळतील, तर वरचा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा. टनाला हजार रुपये भाव मिळाला असे समजू. सव्वादोनशे किलोंचे सव्वादोनशे रुपये. त्यातून मोजणाऱ्याचा, तपासणाऱ्याचा आणि मधल्यांचा वाटा जायचा. आणि दुसरे असे की, ज्याचे खाचर पावसाच्या उघडिपीने आपोआपच सुकते, त्याने काहीच वेगळे केलेले नाही. मार्गदर्शिका पावसावरच्या शेताचा दर आधीच जवळजवळ निम्मा धरते. न केलेल्या कामाची बचत दाखवून विकणे हे खोटे व्हाउचर झाले. असे घडलेले आहे. भातातील मिथेनची जी जुनी पद्धत वापरली जात होती ती व्हेरा या संस्थेने २०२३ साली बंद केली आणि पुढच्या वर्षी चीनमधील ३७ भातप्रकल्प फेटाळले.

शेवटी एक खर्च राहिला, तो कोणत्याच मार्गदर्शिकेत नाही. भाताला पाणी आवडते असे नाही, तणाला ते सोसत नाही म्हणून आपल्या वाडवडिलांनी खाचर भरून ठेवले. पाणी उतरले की आठवड्यात तण डोके वर काढते आणि एक बेणणी वाढते. ती बेणणी पुरुष करत नाहीत. कमरेत वाकून चिखलात दिवसभर उभ्या राहणाऱ्या त्या आमच्या आया-बहिणी, आणि त्यांतल्या किती तरी जणींच्या नावावर त्या खाचराचा गुंठाही नाही. रोजगार हमीचा २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एका एकराच्या बेणणीला एकच बाई एकच दिवस लागली, जे कधीच घडत नाही, तरी कार्बनचे सव्वादोनशे तिच्या मजुरीला पुरत नाहीत.

ज्याला यंदा करून पाहायचे असेल त्याने सबंध शेत न घेता खालचे, ओलावा धरणारे एक खाचर निवडावे. बांबूची एक नळी रोवावी. वहीत पाच रकाने पाडावेत: तारीख, नळीतले पाणी, पाऊस पडला की नाही, खत कधी दिले, आणि बेणणीला किती बाया किती दिवस लागल्या. शेजारचे खाचर नेहमीप्रमाणे भरलेले ठेवावे. झोडणीच्या वेळी दोन्हींचे दाणे वेगळे मोजावेत.